होलोग्रामचा तुकडा केला आणि अर्धंच चित्र दिसतंय? फेकण्याआधी हे तपासा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इकडं गड्डा यात्रा संपत आली की तिकडं कॉलेजांची प्रदर्शनं सुरू होतात, आणि तेव्हा माझ्याकडं एकच तक्रार घेऊन पोरं येतात. मी सोलापुरात एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आहे, होलोग्रामचा सेटअप मांडून द्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडंच आहे. तक्रार अशी की "सर, पुस्तकात लिहिलंय होलोग्राम तोडला तरी प्रत्येक तुकड्यात पूर्ण दृश्य दिसतं, आम्ही तोडला की ओ, अर्धंच दिसतंय, फसलं सगळं." दहातल्या आठ वेळा काहीच फसलेलं नसतं. उरलेल्या दोन वेळा खरंच फसलेलं असतं, पण ते तोडताना नाही, रेकॉर्ड करतानाच. कुठलं कसं ओळखायचं ते सविस्तर लिहितो.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

- तुकड्यातून दृश्याचा एकच भाग दिसतो, फोटो फाडल्यासारखा.
- सगळं दिसतं पण एखादी वस्तू गायब आहे, किंवा तिच्या जागी काळी सावली आहे.
- काहीच दिसत नाही, नुसता लाल उजेड किंवा रंगीत धुरकट पट्टा.
- दिसतं पण दाणेदार, बारीक नक्षी कळत नाही.

मी बोलतोय ते साध्या ट्रान्समिशन होलोग्रामबद्दल. लाल डायोड लेझर, पुढची लेन्स काढलेला म्हणजे उजेड आपोआप पसरतो, त्यातला काही उजेड थेट प्लेटवर, म्हणजे फिल्मचा थर असलेल्या काचेवर पडतो, त्याला रेफरन्स म्हणायचं, आणि काही वस्तूंवर आपटून मग प्लेटवर येतो. दोन्ही एकाच बाजूनं येतात. नंतर वस्तू काढून टाकायच्या, लेझर तिथंच ठेवायचा, आणि प्लेटच्या दुसऱ्या बाजूनं खिडकीतून बघतो तसं आत बघायचं, वस्तू जिथं होत्या तिथंच दिसतात.

पहिलं, फुकटातलं: डोळा जवळ न्या

बहुतेकांचं इथंच सुटतं. गेल्या वेळचीच केस सांगतो. चौघांचा ग्रुप, दृश्य म्हणजे बुद्धिबळाचा राजा, घोडा आणि एक प्यादं, सगळं मिळून रुंदी १० सेंटीमीटर. प्लेटपासून २० सेंटीमीटर मागं ठेवलेलं. प्लेट ६ सेंटीमीटर चौरस. होलोग्राम झकास आला होता, ३० सेंटीमीटरवरून बघितला तर तिन्ही सोंगट्या दिसायच्या. मग त्यांनी प्लेटचे चार तुकडे केले, प्रत्येक ३ सेंटीमीटरचा, आणि तुकडा तेवढ्याच अंतरावर धरून बघितला तर बरोब्बर अर्धं दृश्य. राजा आणि अर्धा घोडा. त्यांना वाटलं हा फोटोच निघाला, होलोग्राम नाही.

आता हिशोब बघा, अवघड नाही. तुकडा म्हणजे खिडकी. खिडकीतून मागचं किती रुंद दिसणार? तुकड्याची रुंदी घ्या, तिला डोळ्यापासून वस्तूपर्यंतच्या एकूण अंतरानं गुणा, आणि डोळ्यापासून तुकड्यापर्यंतच्या अंतरानं भागा. अख्ख्या प्लेटला ६ गुणिले ५० भागिले ३० म्हणजे १० सेंटीमीटर, म्हणून सगळं दिसत होतं. तुकड्याला ३ गुणिले ५० भागिले ३०, म्हणजे ५. अर्धी खिडकी, अर्धं दृश्य, यात होलोग्रामचा काय दोष. आता तोच तुकडा डोळ्यापासून ५ सेंटीमीटरवर आणा. ३ गुणिले २५ भागिले ५, म्हणजे १५ सेंटीमीटर. दृश्य १० चं, खिडकी १५ दाखवतीय, तिन्ही सोंगट्या आत आल्या आणि वर जागा उरली.

जुन्या वाड्याच्या दाराला फट असते ना, लांबून बघितलं तर अंगणाची एक उभी रेघ दिसते, डोळा फटीला लावला की तुळशीपासून पडवीपर्यंत सगळं अंगण दिसतं. तसंच आहे हे. फोटोचा तुकडा कितीही डोळ्याजवळ नेला तरी फाटलेला भाग परत येत नाही, होलोग्रामच्या तुकड्यात येतो, हाच तर दोघांतला फरक.

आणि नजर काचेवर ठेवू नका, काचेच्या पलीकडं ठेवा. या केसमध्ये चित्र डोळ्यापासून २५ सेंटीमीटरवर आहे, तिथं फोकस करायचा. आमच्या एका सरांना नेहमी धूसर दिसायचं, मग लक्षात आलं की वाचायचा चष्मा काढून बघत होते. चष्मा लावला आणि राजाच्या डोक्यावरचा क्रॉससुद्धा दिसला. तुकडा इतका जवळ आणला की तो एकाच डोळ्यासमोर मावतो, त्यामुळं दोन डोळ्यांनी जाणवणारी खोली जाते, डोकं थोडं हलवून बघा मग वस्तू पुढं-मागं सरकताना दिसतात.

एक गोष्ट मात्र पाळायचीच. डोळा जवळ नेता येतो तो फक्त पसरलेल्या उजेडात. ५ मिलीवॅटचा लेझर १० सेंटीमीटर व्यासाएवढा पसरला असेल तर डोळ्याच्या बाहुलीत त्याचा दोनशेवा भाग जातो, तरीसुद्धा लेझरच्या थेट दिशेला डोळा आणायचा नाही, बाजूनं बघायचं. बारीक न पसरलेला किरण तुकड्यावर पडत असेल तर त्यातून बघायचंच नाही, कधीच नाही.

दुसरं, दहा रुपयांचं: काळा कार्डशीट

ज्यांनी अजून तोडलेला नाही त्यांनी तोडूच नका. काळ्या कार्डशीटला १ सेंटीमीटरचं भोक पाडा आणि प्लेटसमोर धरून सरकवा. भोक म्हणजेच तुकडा. डोळा भोकाच्या अगदी जवळ. भोक डाव्या कोपऱ्यात असताना प्यादं राजाच्या मागं लपतं, उजव्या कोपऱ्यात नेलं की बाहेर येतं. यावरून दुसऱ्या लक्षणाचं एक कारण कळतं: प्यादं गायब झालेलं नसतं, त्या कोपऱ्यातून ते दिसणारच नसतं. तुकडा पूर्ण दृश्य दाखवतो म्हणजे आपल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढं पूर्ण. डाव्या तुकड्याला उजवीकडून दिसणारी बाजू कधीच माहीत नव्हती, ती कशी दाखवेल?

असं का होतं ते इथंच सांगतो. सोंगटीच्या प्रत्येक बिंदूवरून उजेड एका दिशेला जात नाही, चहूकडं फेकला जातो, म्हणजे राजाच्या टोकावरचा उजेड प्लेटच्या चारही कोपऱ्यांवर पडतो आणि प्याद्याच्या बुडाचाही पडतो. कॅमेऱ्यात लेन्स असते, ती एका बिंदूचा उजेड फिल्मवर एकाच जागी गोळा करते, म्हणून फोटो फाडला की तो बिंदू गेला. इथं लेन्सच नाही. प्लेटच्या प्रत्येक कणावर सगळ्या दृश्याचा उजेड आणि रेफरन्सचा उजेड एकमेकांत मिसळतात, जिथं लाटा जुळतात तिथं उजळ, जिथं विरुद्ध पडतात तिथं काळं, अशा अतिशय बारीक रेघा तयार होतात. दोन उजेडांमध्ये ३० अंशांचा कोन असेल तर एका मिलीमीटरमध्ये साधारण ८०० रेघा. प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर राजा कुठंच सापडत नाही, नुसत्या रेघा आणि भोवरे. नंतर तोच रेफरन्स उजेड त्या रेघांवर पडला की रेघा त्याला वळवतात, आणि जसा उजेड सोंगट्यांकडून आला होता तसाच पुढं निघतो. १ सेंटीमीटरच्या तुकड्यातसुद्धा आठेक हजार रेघा असतात, राजा कुठल्या दिशेला आणि प्यादं कुठल्या दिशेला हे सांगायला त्या पुरतात.

हा तिरका कोन महत्त्वाचा आहे. डेनिस गॅबोरनं १९४८ साली पहिल्यांदा ही पद्धत मांडली, त्यासाठी १९७१ चं नोबेल मिळालं, पण त्याच्या मांडणीत दोन्ही उजेड एकाच रेषेत होते, त्यामुळं चित्र आणि त्याचं जुळं चित्र एकमेकांवर पडायचं. लेझर आल्यावर लीथ आणि उपात्निएक्स यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला रेफरन्स तिरका आणला आणि दोन्ही चित्रं वेगळी झाली. आपण आज करतो ते तेच.

काळ्या कार्डशीटपेक्षाही मला एक प्रयोग जास्त आवडतो, प्रदर्शनात तोच ठेवा. ५ मिलीवॅटच्या आतला साधा लाल पॉइंटर घ्या, प्लेट स्टँडला लावा, आणि बघणाऱ्याच्या बाजूनं किरण प्लेटवर असा मारा की पलीकडं तो बरोब्बर रेकॉर्डिंगच्या वेळी लेझर होता त्या जागेकडं जाईल, म्हणजे उलट्या वाटेनं. आता जिथं सोंगट्या ठेवल्या होत्या तिथं पांढरा कागद धरा. कागदावर तिन्ही सोंगट्यांचं चित्र पडतं, आणि ते येतं प्लेटवरच्या दोन मिलीमीटरच्या एका ठिपक्यातून! पॉइंटर सरकवला की चित्र हरवत नाही, फक्त बघायची जागा बदलते, प्यादं राजामागून बाहेर येतं. काच तोडायची नाही, डोळा जवळ न्यायचा नाही, वीस जण एकदम बघू शकतात. कागद चकचकीत नको, आणि पलीकडं निघून गेलेला सरळ किरण काळ्या पुठ्ठ्यावर अडवा.

तिसरं: उजेड आणि तुकड्याची दिशा

काहीच दिसत नसेल तर आधी विचारा, कुठल्या उजेडात बघताय. मोबाइलच्या टॉर्चमध्ये ट्रान्समिशन होलोग्राम रंगीत धुरकट पट्टाच दाखवणार, कारण प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो आणि सगळी चित्रं एकमेकांवर सांडतात. टॉर्चमध्ये दिसतो तो रिफ्लेक्शन प्रकार, वेगळा असतो. हिरवा पॉइंटर लावाल तर कोन आणि आकार दोन्ही बदलतात. ज्या लाल लेझरनं रेकॉर्ड केलं तोच वापरा.

मग दिशा. अख्खी प्लेट स्टँडला असते तेव्हा सरळ-उलटी कळते, तोडल्यावर चौकोनी तुकडा हातात आला की कळायचं बंद. चार बाजू, दोन तोंडं, म्हणजे आठ पद्धतींनी धरता येतो आणि नीट चित्र एकाच पद्धतीत. पाठमोरा धरला तर कधी कधी विचित्र चित्र दिसतं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत, त्यालाही लोक बिघाड समजतात. त्यामुळं तोडायच्या आधी मार्कर पेननं प्रत्येक भागावर वरच्या दिशेचा बाण आणि १, २, ३, ४ असे नंबर टाका, आणि बाण टाकलेली बाजू बघणाऱ्याकडं हे ठरवून घ्या. नंबर का, तर लेझर ४० सेंटीमीटरवर असेल तर प्लेटच्या डाव्या आणि उजव्या कडेला रेफरन्स वेगवेगळ्या कोनात पडलेला असतो, काही अंशांचा फरक पडतो, आणि जाड थराच्या फिल्मला एवढा फरकसुद्धा चालत नाही, चित्र मंद होतं. तुकडा त्याच्या मूळ जागीच धरा, आणि नाही दिसलं तर हळूच दोन-चार अंश फिरवा. एका जागी चित्र एकदम उजळतं.

चौथं: दोष दृश्यात की प्लेटमध्ये

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि कोणी करत नाही. सगळे तुकडे ओळीनं बघा. एकच वस्तू सगळ्या तुकड्यांत काळी असेल तर दोष दृश्यात होता, रेकॉर्डिंग चालू असताना ती वस्तू हलली. उलट एक तुकडा आंधळा आणि बाकीच्यांत सगळं दृश्य व्यवस्थित, तर दोष प्लेटच्या त्या भागात, एकतर तिथं रेफरन्सचा उजेड पोचला नाही किंवा बोटाचा ठसा आहे. फोटोत हे दोन दोष वेगळे करता येत नाहीत, होलोग्राममध्ये येतात, कारण दृश्यातली जागा आणि प्लेटवरची जागा यांचा एकास एक संबंधच नाही.

एका पोरीनं आपल्या घरच्या मागावरच्या सोलापुरी चादरीचा तुकडा सोंगट्यांच्या मागं लावला होता, कल्पना फार छान. चारही तुकड्यांत सोंगट्या लख्ख आणि मागं नुसता काळोख. कापड डोळ्याला स्थिर दिसतं पण स्थिर नसतं. आमच्या फिल्मला चार-पाच मिनिटं उजेड द्यावा लागतो, तेवढ्या वेळात वस्तू लाल उजेडाच्या लाटेच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ६५ नॅनोमीटरसुद्धा हलायला नको. केसाच्या जाडीचा हजारावा भाग समजा. कापड, फूल, पान, पातळ प्लास्टिक, पुठ्ठा यातलं काही टिकत नाही. पितळ, चिनी माती, जाड लाकूड, दगड चालतं. तिला शेवटी चादरीची नक्षी चिनी मातीच्या टाइलवर रंगवून दिली, ती आली.

पाचवं: मुळात कुठला होलोग्राम आहे

डब्यावरचा चकाकता स्टिकर कापून "पूर्ण चित्र का नाही" असं विचारणारे दरवर्षी असतात. तसल्या स्टिकरमध्ये चित्र पृष्ठभागावरच आणलेलं असतं, अर्धा कापला तर अर्धंच राहणार. तसंच प्लेटला चिकटवून ठेवलेल्या नाण्याचंही. नाणं प्लेटपासून दोन मिलीमीटरवर असेल तर नाण्याच्या एका कडेचा उजेड प्लेटच्या दुसऱ्या कडेला फार आडवा आणि क्षीण पोचतो, त्यामुळं तुकडा आपल्या समोरचाच भाग नीट दाखवतो. तुकड्यात सगळं हवं असेल तर वस्तू लांब हवी, दृश्याच्या रुंदीपेक्षा जास्त अंतरावर ठेवा.

दाणेदार दिसण्याचं कारण तुकड्याचा आकार. २० सेंटीमीटरवरच्या वस्तूसाठी २ मिलीमीटरचा तुकडा साधारण ०.०६५ मिलीमीटरपर्यंतचं बारीक काम दाखवतो, डोळ्याला एवढं पुरतं. ०.२ मिलीमीटरचा कण घेतला तर ०.६५ मिलीमीटरपेक्षा बारीक सगळं पुसलं जातं, राजा ओळखू येतो, क्रॉस नाही. हे दुरुस्त होत नाही, कुठल्याही उपायानं नाही.

सहावं, मेहनतीचं: परत रेकॉर्ड करणं

चौथ्या तपासणीत दृश्याचा दोष निघाला, किंवा अख्खी प्लेटच कोरी आली, तर परत करावं लागतं, आणि सोलापुरात त्याचं कारण बहुतेक वेळा यंत्रमाग असतं. पूर्व भागात घर असलेल्या पोरांनी घरी सेटअप लावला की हमखास. मागाच्या खडखडाटाची इतकी सवय झालेली असते की जमीन हलतीय हे जाणवतच नाही. तपासायला ताटलीत पाणी घ्या, ती प्लेटच्या जागी ठेवा, पॉइंटर पक्का बांधून पाण्यावर तिरका मारा आणि छतावरचा ठिपका बघा. ठिपका थरथरला की रेकॉर्डिंग करायचं नाही. स्कूटरच्या दोन ट्यूब अर्धवट हवा भरून जमिनीवर आडव्या ठेवा, वर जाड शहाबादी फरशी, आणि त्या फरशीवर लेझर, वस्तू, प्लेट सगळं. एकही गोष्ट बाहेर नको. माग बंद असतात तेव्हा, पहाटे तीन-चारच्या सुमाराला करा. पंखा बंद, उन्हाळ्यात घाम आला तरी बंद, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा रेघा पुसते. लेझर आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, गरम होताना त्याचा रंग किंचित उड्या मारतो. प्लेट लावल्यावरही दहा मिनिटं थांबा, हाताची ऊब काचेतून जायला वेळ लागतो. मग लेझरचा उजेड अडवणारा काळा पुठ्ठा फरशीला न टेकवता हातात धरून उचला, आणि बोलू नका.

कुठं थांबायचं

लेझरचं सर्किट उघडून करंट वाढवायचा विचार आला तर तिथंच थांबा, इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकार माणसाकडं द्या. ५ मिलीवॅटच्या वरचा लेझर घरी नको. स्वस्तातला हिरवा पॉइंटर तर नकोच, त्यातून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडू शकतो आणि लेबलवर लिहिलेल्यापेक्षा ताकद जास्त असू शकते. धुवायची प्लेट असेल आणि ब्लीचमध्ये डायक्रोमेट असेल तर केमिस्ट्रीच्या सरांशिवाय हात लावू नका, ते कॅन्सरकारक आहे, आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. काच कापायची तर काचवाल्याकडून हिऱ्यानं कापून घ्या, फिल्म नसलेल्या बाजूनं रेघ मारायला सांगा. हातोडीनं फोडलेल्या काचेची कुसळं डोळ्यात गेलेली मी बघितलीत. प्लास्टिक फिल्म असेल तर कात्री पुरते. आणि डोळ्यात थेट किरण गेल्यावर नजरेसमोर डाग राहिला, रेघ वाकडी दिसायला लागली, तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी पडदा तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा आणि लेझरची ताकद, रंग लिहिलेलं लेबल सोबत न्या.